तीळ परत हवाय: रिटच उलटा फिरवता येईल अशी फाईल

प्रश्न: लग्नाच्या अल्बमसाठी नवरीचा क्लोजअप फोटोशॉपमध्ये रिटच केला. हनुवटीवरचा तीळ काढला, पिंपल काढले, स्किन उजळली. आता घरचे म्हणतात तीळ परत आणा, तो तिची ओळख आहे. मी Ctrl+J मारून एकाच कॉपीवर सगळं केलंय, तीळ आणायला गेलो तर सगळंच जातं. स्मार्ट ऑब्जेक्ट करून बघितलं तर ब्रशच चालेना. लोक नॉन-डिस्ट्रक्टिव्ह नॉन-डिस्ट्रक्टिव्ह म्हणतात ते नक्की करायचं कसं?

उत्तर:

आधी आजचा तीळ परत आणू, मग बाकीचं बोलू. तुमच्या फाईलमध्ये खाली ओरिजिनल आहे ना, मग काहीही गेलेलं नाहीये. रिटच केलेल्या वरच्या लेयरवर क्लिक करा, लेयर पॅनलच्या तळाशी मास्कचं बटन आहे ते दाबा, लेयरशेजारी पांढरा चौकोन येईल. आता ब्रश घ्या, रंग काळा, हार्डनेस साधारण 50 टक्के, साईझ तिळापेक्षा जरा मोठी, आणि तीळ जिथे होता तिथे एक टिपका मारा. वरचा लेयर तेवढ्या जागी झाकला जाईल आणि खालचा खरा तीळ दिसायला लागेल. पिंपल वगैरे जिथल्या तिथे साफच राहतील.

पण स्किन उजळणंही त्याच लेयरवर केलंय म्हणताय, त्यामुळे तिळाभोवती गडद कडं दिसणार, कारण खालची स्किन उजळलेली नाहीये. तसं झालं तर तो मास्क डिलीट करून टाका आणि असं करा: ओरिजिनलची एक कॉपी सगळ्यात वर न्या, Alt दाबून मास्कचं बटन दाबा म्हणजे काळा मास्क येतो आणि ती कॉपी पूर्ण लपते, मग पांढऱ्या ब्रशने फक्त तीळ उघडा. तिच्यावर एक Curves लेयर टाका, Ctrl+Alt+G दाबून फक्त त्या तिळाच्या तुकड्यापुरता बांधा, आणि मधला बिंदू हळूहळू वर न्या, कडं दिसेनासं होईपर्यंत. दहा मिनिटांचं काम आहे. (मॅकवर असाल तर Ctrl च्या जागी Cmd आणि Alt च्या जागी Option.)

आता खरी अडचण. ओरिजिनल जपलं नाही असं तुमचं झालेलं नाही, ते तर तुम्ही जपलंय. झालंय असं की तीळ, पिंपल आणि उजळपणा हे तीन वेगवेगळे निर्णय एकाच लेयरच्या पिक्सेलमध्ये कालवले गेलेत. भातात आमटी कालवली की भात वेगळा काढता येत नाही, तसंच. त्यामुळे मी लेयर मोजताना "किती स्टेप झाल्या" असं मोजत नाही, "उद्या यातलं काय एकटं परत मागतील" असं मोजते. 18 वर्षं सांगलीत बसून लग्नाचे आणि जाहिरातीचे फोटो रिटच करतेय, तेवढ्या काळात परत मागितलेल्या गोष्टी मोजक्याच आहेत: तीळ, जुनी खूण, गालावरची खळी, कपाळावर आलेली केसांची बट, आणि रंग. रंग तर दर दुसऱ्या फाईलला.

म्हणून डाग काढायला मी दोन रिकामे लेयर करते. एकाला नाव "तात्पुरते", त्यात पिंपल, डासाचा चावा, मेकअपचं फुटलेलं फाउंडेशन, म्हणजे पंधरा दिवसांनी आपोआप जाणार होतं ते सगळं. दुसऱ्याला "कायमचे", त्यात तीळ, व्रण, देवीची खूण. कायमच्या गोष्टी दोन-तीन असतील तर प्रत्येकीला स्वतंत्र लेयर. रिकाम्या लेयरवर काम करायचं तर Healing Brush घेऊन वरच्या पट्टीतलं Sample हे Current & Below वर ठेवायचं, म्हणजे ब्रश खालच्या फोटोतून स्किन उचलतो पण रंगवतो या रिकाम्या लेयरवर. Clone Stamp लाही तेच. तीळ परत मागितला की त्या लेयरचा डोळा बंद, संपलं. आणि रिकाम्या लेयरचं वजनही नसतं. 24 मेगापिक्सेलचा फोटो 16 बिटमध्ये असेल तर त्याची एक पूर्ण कॉपी मेमरीत साधारण 144 एमबी खाते, पाच वेळा Ctrl+J मारलं की हिशोब तुम्हीच करा. रिकाम्या लेयरवर जेवढे ठिपके मारले तेवढ्याचंच ओझं.

Spot Healing Brush मध्ये मात्र Current & Below नाहीये, तिथे फक्त Sample All Layers ची टिक आहे, आणि इथे नवीन माणूस हमखास फसतो. समजा वर उजळवणारा Curves लेयर चालू आहे. ब्रश सगळ्या लेयरमधून, म्हणजे उजळलेली स्किन उचलतो, ती खालच्या लेयरवर टाकतो, आणि वरचा Curves तिला पुन्हा एकदा उजळवतो. माऊस सोडला की ठिपका आजूबाजूपेक्षा पांढरट दिसतो, तसं दिसलं की समजायचं हेच झालंय. मी वरचे सगळे ॲडजस्टमेंट लेयर एका ग्रुपमध्ये ठेवते आणि डाग काढताना त्या ग्रुपचा डोळा बंद करते. बंद लेयरमधून ब्रश काही उचलत नाही.

आता जो भाग मला कुणी शिकवला नाही आणि मी हात भाजून शिकले तो. साधारण दहा वर्षांपूर्वीची गोष्ट, एका नवरीचा फोटो होता, हिरवा शालू, मुंडावळ्या, मोठी नथ, शालूचा हिरवा रंग हनुवटीखाली मारत होता. मी तेव्हा नुकतीच रॉ फाईल स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून उघडायला शिकले होते (कॅमेरा रॉच्या खिडकीत Shift दाबला की Open चं Open Object होतं) आणि भलतीच खूश होते, कारण लेयरवर डबल क्लिक केलं की रॉचे सगळे स्लायडर परत उघडतात, कधीही बदला. तर त्यावर रिकाम्या लेयरवर व्यवस्थित तासभर हिलिंग केलं. संध्याकाळी फोटोग्राफर म्हणाला फोटो फार पिवळा आहे, थंड करा. मी खुशाल डबल क्लिक केलं, Temperature 5600 वरून 4900 वर आणलं, ओके केलं. आणि नवरीच्या गालावर, कपाळावर, हनुवटीवर सगळीकडे पिवळट-तपकिरी चट्टे, जणू चेहऱ्यावर वांग उठलंय. खालची स्किन थंड झाली होती, पण हिलिंगचे ठिपके हे आधीच्या पिवळ्या स्किनची कॉपी होते, ते तसेच राहिले. तासभराचं काम परत.

यातून एकच गोष्ट डोक्यात पक्की बसली. ब्रशने मारलेले पिक्सेल हे त्या क्षणी खाली जे होतं त्याचा साठा असतात. खालचं बदललं की वरचा साठा शिळा होतो. याउलट Curves, Hue/Saturation असले ॲडजस्टमेंट लेयर स्वतःजवळ पिक्सेल ठेवत नाहीत, फक्त सूचना ठेवतात, त्यामुळे खालचं कितीही बदला, ते ताज्यावरच चालतात. म्हणजे लेयरचा क्रम आपोआप ठरतो: पिक्सेलवाले सगळे खाली, सूचनावाले सगळे वर. रंग, उजेड, गोरेपणा, काहीही बदलायचं असेल ते हिलिंगच्या वर बदलायचं, खाली हात घालायचा नाही. रॉचे स्लायडर हिलिंग सुरू करायच्या आधी नक्की करायचे, आणि तेही थोडे सपाटच ठेवायचे, हायलाईट वाचतील असे, कॉन्ट्रास्ट वरून देता येतो.

याच नियमाने हिलिंगच्या दोन लेयरमध्येही गंमत होते. "कायमचे" हा लेयर वर असेल आणि तीळ झाकताना तुम्ही शेजारचा, पिंपल काढून साफ केलेला भाग उचलला असेल, तर पुढे "तात्पुरते" बंद केला तरी त्या ठिपक्यात साफ केलेलीच स्किन राहते. सहसा चालतं, पण तिळाला चिकटून पिंपल असेल तर मी मुद्दाम लांबून, कोऱ्या जागेवरून उचलते.

आता तुमचा स्मार्ट ऑब्जेक्ट. त्यावर ब्रश चालत नाही ही त्याची खोड नाही, कामच आहे ते. स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणजे बंद डबा समजा, आत मूळ फाईल जशीच्या तशी, बाहेर तिचं फक्त चित्र दिसतं. चित्रावर रंगवता येत नाही, डबा उघडून आत रंगवायचं. लेयरच्या छोट्या चित्रावर डबल क्लिक केलं की आतलं .psb वेगळ्या टॅबमध्ये उघडतं, तिथे काम करा, Ctrl+S मारून टॅब बंद करा, बाहेर आपोआप बदल दिसतो. Save As करू नका, तसं केलं तर ती वेगळीच फाईल बनते आणि बाहेरचा डबा जुनाच राहतो. मग लोक म्हणतात फोटोशॉपला बग आहे.

डबा कशासाठी हवा? फिल्टरसाठी. साध्या लेयरवर Liquify केलं की ते कायमचं मुरतं, स्मार्ट ऑब्जेक्टवर केलं की लेयरखाली फिल्टरचं नाव दिसतं, डबल क्लिक करून परत उघडा, जेवढं ओढलं होतं तेवढं दिसतं, कमी करा किंवा डोळा बंद करा. पण डबा कुठे बंद करायचा यात लोक चुकतात. समजा नुसत्या फोटोचा स्मार्ट ऑब्जेक्ट केला, त्यावर Liquify ने ब्लाऊजची फुगलेली बाही आत घेतली, आणि हिलिंगचे लेयर त्याच्या वर बाहेर ठेवले. आठ दिवसांनी Liquify कमी केलं की खालची बाही सरकली, पण बाहीवरचे आणि दंडावरचे हिलिंगचे ठिपके जुन्या जागीच. वांगाचीच गोष्ट परत, फक्त रंगाऐवजी जागेची.

म्हणून मी असं करते. मूळ फोटो आणि त्यावरचे सगळे पिक्सेलवाले लेयर, म्हणजे "तात्पुरते", "कायमचे" आणि केसांची बट काढायचा "केस", हे सगळे एकत्र सिलेक्ट करून राईट क्लिक, Convert to Smart Object. तीन लेयर नाहीसे झालेले दिसतील, घाबरू नका, आत सुखरूप आहेत. आता Liquify या बाहेरच्या डब्यावर. उद्या तीळ परत हवा असेल तर डबा उघडून "कायमचे" चा डोळा बंद, सेव्ह, आणि Liquify तीळ असलेल्या चेहऱ्यावर आपोआप परत बसतं. आणि मघाचा पिवळेपणाचा प्रश्नही इथेच सुटतो, रॉला हात न लावता याच डब्यावर Filter मधून Camera Raw Filter मारा, तिथे Temperature बदला, फोटो आणि हिलिंगचे ठिपके दोन्ही एकत्र थंड होतात. खऱ्या रॉएवढी मोकळीक तिथे नसते, जळालेला हायलाईट तिथून परत येत नाही, पण चट्टे उठत नाहीत.

डब्याची कॉपी करताना एक काळजी. Ctrl+J ने केलेली कॉपी आतून जोडलेली असते, एकात बदल केला की दुसऱ्यातही होतो. वेगळी हवी असेल तर राईट क्लिक करून New Smart Object via Copy. एकीने तीळवाली आणि बिनतिळाची अशी दोन रूपं दाखवायला म्हणून Ctrl+J मारलं होतं आणि दोन्हीतून तीळ गेला, मग मला फोन.

डब्याच्या वर आता सूचनावाले लेयर, आणि मास्क इथे कामाला येतो. डोळ्याखालची काळी वर्तुळं, नाकाशेजारची सावली, हे मी हिलिंगने काढत नाही, कारण हिलिंगने तिथली स्किनच बदलते आणि चेहरा बाहुलीसारखा होतो. Curves चा लेयर घेते, मध्य थोडा वर, ब्लेंड मोड Luminosity म्हणजे रंग भडकत नाही, मास्क Ctrl+I ने काळा करते आणि पांढऱ्या मऊ ब्रशने, Flow 3 टक्के, हळूहळू उजळत जाते. जास्त झालं तर X दाबून काळ्याने परत. गडद करायला असाच दुसरा Curves. पंधरा मिनिटं काम केलं की Alt दाबून मास्कच्या चित्रावर क्लिक करून बघायचं, नुसता मास्क काळा-पांढरा दिसतो, कुठे ब्रशची रेघ राहिली, कुठे चुकून नथीवर गेलं, ते तिथे लगेच कळतं. आणि रंगवायला लागण्याआधी मास्कच्या चित्राभोवती चौकट आहे ना ते बघा. साध्या फोटोच्या लेयरवर मास्क लावलेला असेल आणि चौकट फोटोभोवती असेल, तर तुम्ही नवरीच्या गालावर खराखुरा काळा रंग फासताय. मी आजही महिन्यातून एकदा फासते.

कपाळावरची चमक मात्र Curves खाली ओढून जात नाही. फ्लॅशने तिथली स्किन पूर्ण पांढरी झाली असेल तर गडद केल्यावर ती राखाडी होते, प्रेताच्या कपाळासारखी, माफ करा पण तसंच दिसतं. तिथे पिक्सेलच लागतात: डब्याच्या आत एक रिकामा लेयर, शेजारच्या स्किनचा रंग उचलून मऊ ब्रशने अगदी पुसट हात, लेयरची Opacity 20 ते 30. तो पिक्सेलवाला आहे म्हणून आत.

रंगाचं एक सांगते. "जरा गोरी करा" असं सासरकडचे सांगतात आणि नंतर माहेरकडचे म्हणतात ही आमची मुलगीच नाही. मला स्वतःला हे गोरं करणं आवडत नाही, पण माझ्या आवडीने दुकान चालत नाही. म्हणून उजळपणाचे एक-दोन लेयर एका ग्रुपमध्ये, ग्रुपचं नाव "उजळ", आणि मास्क आतल्या लेयरना न लावता ग्रुपला. मास्कमध्ये चेहरा, मान आणि हात पांढरे. हात विसरू नका, चेहरा उजळ आणि हिरव्या चुड्याखालचे हात सावळे हे अल्बममध्ये लांबून ओळखू येतं. कुंकू, नथ, डोळ्यांचं पांढरं, ओठ काळे, म्हणजे झाकलेले. मग ग्रुपची Opacity 40 वर ठेवून पाठवायचं. कमी करा म्हणाले तर 15, नको म्हणाले तर शून्य, मास्क मात्र परत करायला लागत नाही. तुमच्या फाईलमध्ये हेच वेगळं असतं तर तिळाभोवती कडं आलं नसतं.

हे सगळं प्रत्येक फोटोला करायचं का, तर नाही हो. अल्बममधले 500-600 फोटो लाईटरूममधूनच जातात, तिथे तसंही मूळ रॉला काही होत नाही. ही रचना कव्हर, डबल स्प्रेड आणि भिंतीवर लागणारी फ्रेम अशा दहा-पंधरा फोटोंना. तुमचा क्लायंट काही परत मागणारच नाही अशी खात्री असेल, उदाहरणार्थ आयकार्ड साईझचे फोटो, तर कॉपीवर उरका. मशिनमध्ये 8 जीबी रॅम असेल तर डब्यात डबा त्यात डबा करू नका, प्रत्येक सेव्हला चहा पिऊन यावं लागेल, एकच डबा पुरतो. आणि सेव्ह करताना फाईल 2 जीबीच्या वर गेली म्हणून PSD नको म्हणाला तर PSB मध्ये सेव्ह करा, लेयर तसेच राहतात.

फ्रिक्वेन्सी सेपरेशनबद्दल कुणीतरी विचारेलच. त्यात फोटोच्या दोन पूर्ण कॉपी तयार होतात, एक धुरकट आणि एक टेक्स्चरची, म्हणजे त्या क्षणाचा सगळा फोटो गोठतो, खालच्या हिलिंगचा डोळा बंद केला तरी वर काही फरक दिसत नाही. Ctrl+Alt+Shift+E ने सगळ्याचा मिळून एक लेयर करण्याचंही तेच. वापरू नका म्हणत नाही, पण त्या लेयरच्या नावात मी "गोठलेला" असं लिहून ठेवते.

उरल्या तीन बारीक सवयी, पटकन. Crop टूलमधली Delete Cropped Pixels ची टिक काढून ठेवा, म्हणजे कापलेली मुंडावळी Image मधल्या Reveal All ने परत येते. इरेजर वापरूच नका, त्याचं काम मास्क करतो. आणि लॅबला JPEG द्यायची ती Save a Copy ने. माझ्याकडच्या एका मुलाने अल्बमची साईझ करताना मास्टर फाईलच Flatten करून Ctrl+S मारलं होतं, दुसऱ्या दिवशी उघडली तेव्हा History अर्थातच रिकामी, ती फाईल बंद केली की जाते. तेव्हापासून मास्टरच्या फोल्डरमध्ये त्याला फक्त बघायची परवानगी आहे.

आणि फाईल पाठवण्याआधी एक तपासणी करते, दोन मिनिटांची. बाहेरच्या कॅनव्हासवर सगळ्यात खालच्या लेयरच्या, म्हणजे डब्याच्या डोळ्यावर Alt दाबून क्लिक, बाकीचं सगळं बंद होतं. मग एकेक वरचा लेयर चालू करत जाते. मग उलटं, सगळं चालू ठेवून एकेकच बंद करायचा, आधी बाहेरचे, मग डबा उघडून आतले. लेयर बंद केल्यावर फक्त त्याचं स्वतःचं काम गेलं तर ठीक, पण भलतीकडेच चट्टा, कडं किंवा सरकलेली रेघ दिसली तर काहीतरी चुकीच्या मजल्यावर बसलंय. तुमच्या या फाईलची वरची दुरुस्ती झाली की तिच्यावर हेच करून बघा, आणि तिळाभोवतीचं कडं राहिलंच तर 200 टक्क्यांवर झूम करून स्क्रीनशॉट टाका, Curves किती लागेल ते सांगते.